एक टक्का चढ आणि पंख्याची जागा

पावसाळा आला की रस्त्यावरचे रनर्स जिममध्ये घुसतात. सप्टेंबरात साताऱ्याची हिल मॅरेथॉन, जानेवारीत मुंबई. म्हणजे रविवारचा लाँग रन चुकवून चालत नाही आणि बाहेर तर धो धो कोसळतोय. मग ट्रेडमिल. आणि ट्रेडमिलवर चढलात की कुणीतरी शेजारून सांगतंच, ‘इन्क्लाइन एकवर ठेव रे, नाहीतर बाहेरच्यासारखं होत नाही.’

माझं म्हणणं असं, की हा सल्ला आपल्यापैकी बहुतेकांसाठी नाहीच.

तो आला कुठून, बघा. १९९६ साली अँड्र्यू जोन्स आणि जोनाथन डाउस्ट या ब्रिटिश संशोधकांनी नऊ सरावलेल्या धावपटूंना रस्त्यावर आणि ट्रेडमिलवर पळवलं आणि शरीर किती ऑक्सिजन वापरतंय ते मोजलं. बाहेर पळताना हवा कापत जावं लागतं, मशीनवर लागत नाही. ती कसर एक टक्का चढाने भरून निघते, असं त्यांना दिसलं. पण ते धावपटू ताशी साडेदहा ते अठरा किलोमीटर वेगाने पळत होते! हवेचा अडथळा वेगासोबत झपाट्याने वाढतो. तुम्ही किलोमीटरला सात मिनिटं घेत असाल, म्हणजे ताशी साधारण साडेआठ, तर तो अडथळा अगदी किरकोळ असतो. इन्क्लाइन शून्यावर ठेवा, काही बिघडत नाही.

खरा फरक पडतो तो वाऱ्याने. बाहेर पळताना अंगावर वारा येतो आणि घाम वाळतो. ट्रेडमिलवर तुम्ही जागच्या जागी असता, त्यामुळे घाम नुसता निथळत राहतो. शरीर तापतं आणि वेग तोच असूनही अर्ध्यापाऊण तासाने हृदयाचे ठोके वाढायला लागतात. ओळखायची खूण सोपी आहे. सुरुवातीला शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता येत होतं आणि आता दोन शब्दांवर धाप लागतेय, तर तो लाँग रन राहिलेला नाही. वेग ०.३ ने कमी करा. आणि मुळात पंख्यासमोरची मशीन पकडा, चढाच्या आकड्यापेक्षा तिचा उपयोग जास्त.

आता कंटाळ्याचं. कंटाळा आला की आपण काय करतो? वेग वाढवतो. संपेल तरी लवकर! इथेच लाँग रनची वाट लागते, कारण तो हळू पळण्यासाठीच असतो. बदल हवाच असेल तर चढ बदला, पण सोबत वेग उतरवा. साडेआठच्या वेगाला दर एक टक्का चढामागे साधारण ०.३ ते ०.४ कमी करायचे. म्हणजे तीन टक्क्यांवर साडेसात. मेहनत जवळपास तेवढीच, पण पायांना आणि डोक्याला काहीतरी वेगळं.

दीड तासाचा रन असा बसवता येतो. पहिली दहा मिनिटं सपाट, साडेसातने. मग पंधरा मिनिटांचे पाच हप्ते. प्रत्येकात दहा मिनिटं सपाट साडेआठने, चार मिनिटं तीन टक्के चढावर साडेसातने आणि एक मिनिट पाणी पीत चालणं. शेवटची पाच मिनिटं चाल. एक हप्ता जवळजवळ बरोब्बर दोन किलोमीटरचा होतो. त्यामुळे ‘अजून पासष्ट मिनिटं’ असं मोजायचं नाही, ‘तिसरा हप्ता चालू आहे’ एवढंच. पॉडकास्ट सपाटीला, गाणी चढाला. स्क्रीनवर टॉवेल टाका, घड्याळ दिसलं नाही की मिनिटं कमी छळतात. चढावर पुढचा दांडा मात्र धरायचा नाही. दांड्याला लटकलात की चढ फक्त स्क्रीनवर उरतो. बऱ्याच मशीन साठ मिनिटांनी आपोआप थांबतात, तेव्हा तोवरचं अंतर आधीच टिपून ठेवा. आणि संध्याकाळी सातला दीड तास मशीन अडवू नका, लोक रांगेत असतात. दुपारी जा.

एक गोष्ट ट्रेडमिल देऊ शकत नाही, ती म्हणजे उतार. काही मशीनमध्ये सोय असते, पण आपल्या जिममधल्या बहुतेकांत नाही. साताऱ्यात यवतेश्वरचा घाट चढून जायचा आणि तोच उतरून यायचा असतो. उतरताना प्रत्येक पावलाला मांड्या ब्रेक लावतात. ही सवय नसेल तर जिममध्ये कितीही चढ चढलेला असा, खाली येताना पाय बोलायला लागतात. म्हणून दोन लाँग रन आत झाले की तिसरा बाहेर, फ्लायओव्हर किंवा टेकडी असलेल्या रस्त्यावर करा. पाऊस पडत असला तरी चालेल, वीज कडाडत नसली म्हणजे झालं.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी ‘एकवर ठेव’ म्हणालं, तर त्याला आधी विचारा, ‘तू किती वेगाने पळतोस?’