माया नको, डायनॅमो लिहा!

गेल्या वर्षी गॅदरिंगला आमच्या ग्रुपला बाबांवर गाणं करायचं होतं. चाल तयार होती, ओळीला सोळा मात्रा. मी पाच मिनिटांत लिहून दिलं : ‘बाबा तुमची माया अपार’. मात्रा बरोब्बर! पण गिटारवाला मित्र म्हणाला, ‘‘छान आहे, पण हे माझ्या बाबांनाही चालेल आणि ग्रीटिंग कार्डावरच्या बाबांनाही.’’ राग आला, पण मुद्दा बरोबर होता. ‘माया’ हा निष्कर्ष आहे. तो ऐकणाऱ्याने काढायचा असतो, आपण त्याला फक्त पुरावा द्यायचा.

मग मी आठवायला बसले. बाबा मला सायकलवरून क्लासहून आणायचे. बसायला टोचू नये म्हणून दांड्याला टॉवेल गुंडाळलेला असायचा. लिहिलं : ‘दांड्यावरचा टॉवेल मऊ’. पुन्हा सोळा मात्रा, आणि ‘माया’ हा शब्द न वापरताही ती दिसली.

इथे माझी दुसरी चूक झाली. घंटी, चेन, मडगार्ड, कॅरिअर असं सगळंच मी कोंबलं. गाणं कमी, सायकल दुरुस्तीची यादी जास्त! एका गाण्याला एकच वस्तू पुरते, फक्त ती गाण्यात बदलत जायला हवी.

ती वस्तू शोधायला मी बाबांनाच फोन केला. सायकलला टायरवर घासून चालणारा डायनॅमो होता. वेग कमी झाला की दिवा मंद व्हायचा. बाबा सहज म्हणाले, ‘‘चढावर उतरून ढकलत नेली असती, पण मग दिवा जवळजवळ विझायचा आणि तू घाबरायचीस. म्हणून दम लागला तरी पॅडल मारत राहायचो.’’

हे मला बावीस वर्षांत माहीत नव्हतं. ‘माया अपार’वर थांबले असते, तर कधीच कळलं नसतं.

‘डायनॅमो’ हा शब्द काही चालीत बसेना, म्हणून तो गाळला. ओळ झाली : ‘चढ लागे अन् दिवा मिणमिणे’. शेवटचा ‘णे’ गायकाला हवा तेवढा लांबवता येतो. पहिल्या अंतऱ्यानंतर ही ओळ फक्त रस्त्याची वाटते. शेवटच्या अंतऱ्यात बाबा थकलेत, मी त्यांना गाडीवर मागे बसवून नेतेय, आणि तीच ओळ त्यांच्याबद्दल होते. शब्द एकही बदलला नाही.

काही जण म्हणतात, इतकं खासगी लिहिलं तर इतरांना कसं भिडणार? माझा अनुभव उलटा आहे. ज्याच्या घरी सायकल कधीच नव्हती, अशा एका ज्युनिअरला ते ऐकून त्याच्या बाबांची स्कूटर आठवली. ‘माया’ ऐकून त्याला काय आठवलं असतं?

तुमच्या गाण्यातल्या प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारा : ही ओळ दुसऱ्या कुणाच्याही बाबांना चालेल का? ‘हो’ असेल, तर ती खोडा आणि घरी फोन लावा.