नोकरी सुटली, वय ५७ : भत्ता घ्यावा की पेन्शन?

समजा, जबलपूरच्या रिछाई औद्योगिक क्षेत्रातल्या एका छोट्या कारखान्यात तुम्ही १४ वर्षं काम केलंत. पगार १६ हजार, वय ५७. मालकाने काम कमी झालं म्हणून घरी बसवलं. घरात लगेच दोन मतं होतात. एक म्हणतं, ईएसआयचा बेकारी भत्ता घ्या. दुसरं म्हणतं, पीएफची पेन्शन आत्ताच सुरू करा. दोन्ही एकदम मिळतील का?

आधी हे समजून घ्या की दोन्ही पैसे दोन वेगळ्या योजनांतून येतात. बेकारी भत्ता ईएसआयच्या ‘अटल बीमित व्यक्ती कल्याण योजने’तून मिळतो. त्यात सरासरी रोजच्या कमाईच्या निम्मी रक्कम जास्तीत जास्त ९० दिवस आणि आयुष्यात एकदाच मिळते. तुमच्या हिशेबात दोन वर्षांची कमाई ३,८४,००० भागिले ७३०, म्हणजे दिवसाला साधारण ५२६ रुपये. त्याचे निम्मे २६३, म्हणून ९० दिवसांचे सुमारे २३,६७० रुपये.

पेन्शन ईपीएस-९५ मधून येते. दहा वर्षांची नोकरी झाली असेल आणि काम सुटलं असेल, तर ५० वर्षांनंतर ती लवकर घेता येते. मात्र ५८ ला जितकं वर्ष कमी, तितक्या वर्षांची दरवर्षी ४ टक्के कपात होते, आणि ती कायमची. पेन्शनयोग्य पगार १५ हजार धरला तर १५,००० गुणिले १४ भागिले ७० म्हणजे महिना ३,००० रुपये. ५७ व्या वर्षी घेतलीत तर २,८८०.

आता कोणता नियम वरचढ? भत्त्यासोबत ईएसआयचाच दुसरा रोख लाभ त्याच काळासाठी सहसा घेता येत नाही. पेन्शन ईएसआयची नाही, म्हणून हा नियम तिला थेट लागू होत नाही. एक अडचण मात्र असते: नोकरी सुटण्याचं कारण. वयोमानाने निवृत्ती, स्वेच्छानिवृत्ती किंवा गैरवर्तन असेल तर भत्ता नाकारला जातो. पेन्शनला मात्र निवृत्ती चालते. त्यामुळे मालकाने सुटण्याच्या कागदावर ‘स्वेच्छानिवृत्ती’ लिहिलं तर पेन्शन मिळेल आणि भत्ता जाईल. कामावरून काढलं असेल तर तसंच लेखी घ्या, आणि सही करण्याआधी तो शब्द वाचा.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी भत्त्याचा अर्ज ईएसआयच्या शाखा कार्यालयात, मग फॉर्म १०-डी. शाखेत पेन्शनबद्दलही उघड विचारा आणि उत्तर लेखी घ्या. योजना ठरावीक मुदतीसाठी वाढवली जाते, तेव्हा ती सुरू आहे का तेही तिथेच विचारा.

आणि ४ टक्क्यांना फार घाबरू नका. एक वर्ष आधी घेतल्याने ३४,५६० रुपये हातात येतात. दरमहा १२० कमी मिळाल्याने ते फिटायला २४ वर्षं लागतात.