गटारीच्या रविवारी कोपरच्या हॉटेलात मटण किती आणायचं? गेल्या वर्षीची तारीख बघाल, तर फसाल

९ ऑगस्ट २०२६, रविवार. श्रावणाआधीचा हा शेवटचा रविवार. कोपर स्टेशनच्या आसपासच्या कुठल्याही मालवणी हॉटेलसाठी वर्षातल्या सगळ्यात मोठ्या दिवसांपैकी एक. शनिवारी रात्री मालकाला एकच प्रश्न पडतो: मटण किती किलो सांगायचं?

बिलिंगच्या मशीनमध्ये जुनी विक्री असतेच. मग गेल्या वर्षी याच सुमारास काय झालं ते बघितलं जातं. तेव्हाचा जुळणारा रविवार होता १० ऑगस्ट २०२५. पण त्या दिवशी श्रावण सुरू होऊन दोन आठवडे झाले होते आणि दोनच दिवस आधी नारळी पौर्णिमा होती. म्हणजे वर्षातल्या सगळ्यात मंद रविवारांपैकी एकावरून सगळ्यात गर्दीच्या रविवाराचा अंदाज बांधला जातो.

कारण साधं आहे. आपले सण तिथीने येतात आणि मशीन तारखेने चालतं. २०२५ मध्ये श्रावण २५ जुलैला लागला. यंदा ज्येष्ठ अधिक होता, त्यामुळे श्रावण थेट १३ ऑगस्टला सुरू होतोय. तेव्हा यंदाच्या ९ ऑगस्टची खरी जोडी आहे २० जुलै २०२५.

आता हिशेब करून बघू. पन्नास खुर्च्यांचं एक हॉटेल समजा, आकडे उदाहरणापुरते. हॉटेलवाले जेवून गेलेल्या एका माणसाला एक ‘कव्हर’ म्हणतात. २० जुलै २०२५ ला कव्हर झाले २१०. त्याआधीच्या सहा साध्या रविवारी साधारण १४० होत होते. म्हणजे गटारीच्या रविवारी नेहमीच्या दीडपट. यंदा साधा रविवार १५० वर गेलाय, म्हणून अंदाज २२५.

साधा रविवार ठरवताना सहा रविवारांची सरासरी काढू नये. सहा आकडे चढत्या क्रमाने लिहून मधल्या दोनांच्या मधला धरावा. मुसळधार पावसाने लोकल बंद पडलेला एखादा रविवार त्यात असला, तर सरासरी उगाच खाली ओढली जाते.

पण २२५ माणसं म्हणजे मटण किती? इथे दुसरी फसगत होते. गेल्या वर्षी त्या दिवशी मटण थाळ्या ६० गेल्या. मात्र बिलं उघडून बघितली, तर शेवटची मटण थाळी दुपारी दीडची आहे. त्यानंतर सगळी चिकनची बिलं. मटण संपलं होतं! ६० ही विक्री झाली, मागणी नव्हे. साध्या रविवारी दिवसभरातल्या मटण थाळ्यांपैकी पाऊण हिस्सा दीडपर्यंत जातो, असं मशीन सांगत असेल, तर खरी मागणी ८० च्या आसपास होती. यंदाच्या वाढीसह ती ८६ होते. थाळीमागे १५० ग्रॅम कच्चं मटण धरलं, तर सुमारे १३ किलो. नुसत्या ६० वरून हिशेब केला असता, तर साडेनऊ किलोच आलं असतं आणि पुन्हा दीडलाच संपलं असतं. चूक दरवर्षी स्वतःलाच खरी ठरवत राहते, ती अशी.

दीडपट हा आकडाही डोळे मिटून वापरता येत नाही. २०२५ मध्ये अमावस्या गुरुवारी होती, आणि गुरुवारी बरेच जण मांसाहार करत नाहीत. यंदा ती बुधवारी, १२ ऑगस्टला आहे. त्यामुळे रविवारची थोडी गर्दी बुधवारकडे सरकू शकते. २०२४ मध्ये अमावस्या रविवारीच आली होती, म्हणून त्या वर्षीचा आकडा यंदासाठी फार वर दिसेल. आणि २०२३ तर बाजूलाच ठेवावं: तेव्हा श्रावणच अधिक होता, १८ जुलैला अधिक आणि १७ ऑगस्टला निज सुरू झाला. कुणी आधी सोडलं, कुणी नंतर. गटारी दोन ठिकाणी वाटली गेली.

म्हणून शहाणा मालक मटण १२ किलोच सांगेल, तेही आधीच. कारण त्या दिवशी खाटकाकडे रांग असते आणि दुपारी एकला जाऊन काही मिळत नाही. कांदा-खोबऱ्याचं वाटण मात्र पूर्ण २२५ कव्हरच्या हिशेबाने करेल. ते उरलं तर फ्रीजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी चिकनला चालतं. उरलेल्या शिजलेल्या मटणाला श्रावणाच्या तोंडावर गिऱ्हाईक शोधावं लागतं.

या सगळ्यासाठी महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. रोजच्या विक्रीच्या वहीत तीन रकाने जास्त लागतात: तिथी, कुठला पदार्थ किती वाजता संपला, आणि त्या दिवशी बाहेर काय झालं. तिसऱ्या रकान्यात मेगाब्लॉक येतो, गुढीपाडव्याची डोंबिवलीतली स्वागतयात्रा येते, आणि १५ ऑगस्ट २०२५ सुद्धा येतो. त्या दिवशी कल्याण-डोंबिवली महापालिकेने मांसविक्रीची दुकानं बंद ठेवण्याचा आदेश काढला होता आणि त्यावरून बराच वाद झाला. ही नोंद नसेल, तर पुढे कुणीतरी त्या दिवसाची पडलेली विक्री बघून गिऱ्हाईकच कमी झालं, असं समजेल.