विश्लेषण : ‘पावसाची उघडीप बघून’ म्हणजे नेमकी कधी? कृषी हवामान सल्ला औशाच्या बांधापर्यंत पोहोचताना काय हरवतं?

दर मंगळवारी आणि शुक्रवारी मराठवाड्यातल्या शेतकऱ्यांच्या मोबाइलवर एक संदेश फिरतो. लातूर, धाराशिव, नांदेड जिल्ह्यांत ‘तुरळक ठिकाणी हलक्या ते मध्यम स्वरूपाच्या पावसाची शक्यता’, आणि खाली सल्ला : ‘फवारणी पावसाची उघडीप बघून करावी.’ औसा तालुक्यातला दोन-तीन एकरांचा शेतकरी हे वाचतो, आभाळाकडे बघतो आणि शेवटी शेजाऱ्याने काय केलं ते विचारतो. सल्ला चुकीचा नसतो. पण तो ज्या प्रश्नाचं उत्तर देतो, तो त्या शेतकऱ्याचा प्रश्न नसतो. ही दरी कुठे पडते, हे समजून घेतलं तर सल्ला किती मानायचा आणि सरकारकडे काय मागायचं, ही दोन्ही उत्तरं मिळतात.

अंदाजाचा सल्ला कसा होतो?

भारतीय हवामान विभागाच्या ‘ग्रामीण कृषी मौसम सेवा’ या योजनेतून हे काम चालतं. हवामान विभाग संगणकीय प्रारूपांच्या आधारे पुढच्या पाच दिवसांचा अंदाज तयार करतो. त्यात पाऊस, कमाल व किमान तापमान, आर्द्रता, वाऱ्याचा वेग व दिशा आणि ढगांचं प्रमाण असतं. मराठवाड्यासाठी हा अंदाज परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातल्या केंद्राकडे येतो. तिथे कृषिविद्या, कीटकशास्त्र, रोगशास्त्र, उद्यानविद्या, पशुसंवर्धन अशा विषयांचे तज्ज्ञ पिकाची अवस्था आणि येणारं हवामान यांची सांगड घालतात. सोयाबीन फुलोऱ्यात आहे, पुढचे चार दिवस ढगाळ आहेत, म्हणजे कोणती कीड वाढेल, फवारणी करायची की थांबायचं, हे ठरतं. मग मराठीत पत्रिका निघते. व्हॉट्सॲप, वर्तमानपत्रं, आकाशवाणी आणि २०१९ मध्ये आलेलं ‘मेघदूत’ ॲप यांतून ती पुढे जाते. दर गुरुवारी येणारा पुढच्या काही आठवड्यांचा ‘विस्तारित’ अंदाज वेगळा. तो एखाद्या दिवसाबद्दल बोलत नाही. येता आठवडा सरासरीपेक्षा ओला की कोरडा, एवढाच कल तो सांगतो.

‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे किती?

पत्रिकेतला प्रत्येक शब्द मोजलेला असतो, पण त्याचं माप सहसा कुणी सांगत नाही. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे त्या भागातल्या एक चतुर्थांश किंवा त्याहून कमी पर्जन्यमापन केंद्रांवर पाऊस होईल. उरलेल्या तीन चतुर्थांश ठिकाणी थेंब पडला नाही, तरी अंदाज बरोबरच ठरतो. ‘हलका’ म्हणजे २४ तासांत साधारण अडीच ते साडेपंधरा मिलिमीटर. ‘मध्यम’ म्हणजे त्यापुढे ६४.४ मिलिमीटरपर्यंत. म्हणजे ‘हलका ते मध्यम’ या तीन शब्दांत अडीच मिलिमीटरही बसतो आणि साठही. पहिल्याने धूळ खाली बसते, दुसऱ्याने काळ्या रानात चार दिवस पाय ठेवता येत नाही.

यात हवामान विभागाची लबाडी नाही. अनेक वर्षं वापरात असलेलं प्रारूप जमिनीचे साधारण १२ किलोमीटर लांब-रुंद चौकोन पाडून गणित करतं. असा एक चौकोन म्हणजे १४ हजार ४०० हेक्टर. मे २०२५ मध्ये आलेल्या ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ने चौकोन सहा किलोमीटरवर आणला, तरी एका चौकोनात ३ हजार ६०० हेक्टर येतातच. जून आणि सप्टेंबरमध्ये आपल्याकडे पडणारा गडगडाटी पाऊस अनेकदा काही किलोमीटर रुंदीच्या ढगातून पडतो. म्हणून किल्लारीकडे ओढे वाहतात आणि त्याच दिवशी भादा परिसरात धूळ उडते. ऑक्टोबर २०२४ पासून ग्रामपंचायतनिहाय अंदाजही मिळू लागला आहे. मात्र नकाशावर गावाचं नाव आलं म्हणून ढगाला गावाची शीव कळत नाही. गावाच्या नावाने आलेला आकडा हा त्या परिसराचाच अंदाज आहे, हे लक्षात ठेवलेलं बरं.

सल्ला सर्वात उपयोगी कधी ठरतो?

‘थांबा’ म्हणतो तेव्हा. २०२५ चा खरीप आठवून पाहा. त्या वर्षी मोसमी पाऊस २४ मे रोजी केरळात आणि २६ मे रोजी मुंबईत पोहोचला. मे महिन्यातच इतका पाऊस झाला की अनेकांना मशागतीलाही वापसा मिळेना. रानं ओली दिसत होती आणि पेरणीचा मोह स्वाभाविक होता. पण महिनाअखेरीस मोसमी वाऱ्यांची आगेकूच थांबली आणि जूनच्या मध्यापर्यंत ती अडूनच राहिली. त्या काळात कृषी विभाग आणि विद्यापीठं एकच सांगत होती : पेरणीची घाई नको. पाच दिवसांच्या अंदाजाला दोन आठवड्यांचा खंड दिसत नाही. आठवड्यांचा कल सांगणारा अंदाज मात्र अशा वेळी कामाला येतो.

उलट ‘पेरा’ हे सांगणं फार अवघड. विद्यापीठाची शिफारस स्पष्ट आहे : ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नये. यामागचं कारण साधं आहे. तीस-चाळीस मिलिमीटरवर वरचा थर ओला होतो आणि तीन ते पाच सेंटीमीटर खोल पडलेलं सोयाबीन उगवूनही येतं. पण खालची माती कोरडी असते. पावसाने आठ-दहा दिवस ओढ दिली की वरची ओल उडते, खाली मुळाला काही सापडत नाही आणि कोवळं रोप माना टाकतं. मग दुबार पेरणी. एकरी तीस किलो बियाणं तीन हजारांचं धरलं आणि पेरणीचं भाडं हजार धरलं, तर तीन एकरांचे बारा हजार रुपये मातीत जातात. शिवाय हंगामाचे दोन-तीन आठवडे गेले, ते वेगळेच.

इथे महत्त्वाचा मुद्दा असा की हे ७५ मिलिमीटर अंदाजातले नाहीत. ते आपल्या रानात पडलेले हवेत. अंदाज ऐकून पेरायचं नाही, मोजून पेरायचं, असाच त्या शिफारशीचा अर्थ आहे. अंदाजाचं काम त्यानंतर सुरू होतं : पुरेशी ओल झाली, आता पुढचा खंड किती लांब दिसतो?

छोट्या शेतकऱ्याचं घोडं कुठे अडतं?

ट्रॅक्टर स्वतःचा नसतो तिथे. औशातल्या तीन एकरवाल्यासमोरचा पेच समजा असा आहे. त्याच्या रानात ५५ मिलिमीटर पाऊस झालाय. सल्ला सांगतो, आणखी थांबा. पण गावात पेरणीयंत्र असलेले ट्रॅक्टर दोनच. आज नंबर सोडला तर पुढचा सहा दिवसांनी. मध्ये झड लागली तर वापसा यायला आणखी आठवडा. दहा एकर आणि घरचा ट्रॅक्टर असलेला शेतकरी थांबू शकतो. तीन एकरवाल्याला थांबण्याचीही किंमत मोजावी लागते आणि ती पत्रिकेत कुठेच धरलेली नसते.

पुढच्या कामांतही तेच. ऑगस्ट २०२३ हा देशात १९०१ पासूनचा सर्वात कोरडा ऑगस्ट ठरला. मराठवाड्यात सोयाबीन फुलात-शेंगांत असताना खंड पडला. अशा वेळी ‘संरक्षित पाणी द्यावे’ हा सल्ला बरोबरच, पण तो विहिरीत पाणी असलेल्यांसाठी. कोरडवाहूवाल्याला उपयोगी असा सल्लाही असतो : पोटॅशियम नायट्रेटची एक टक्का फवारणी, म्हणजे दहा लिटर पाण्यात शंभर ग्रॅम. मात्र ती ओळ बहुधा दुसऱ्या पानावर सापडते. ऑक्टोबरमध्ये ‘काढणी केलेले सोयाबीन सुरक्षित ठिकाणी साठवावे’ असा सल्ला येतो. ज्याच्याकडे शेड नाही, त्याची सुरक्षित जागा म्हणजे गंजीवरची ताडपत्री. त्याला हवं असतं ते हे : मळणीयंत्र परवा मिळतंय, तर आज कापू की उभं ठेवू?

हे प्रश्न कोण सोडवणार होतं?

जिल्ह्यातलाच माणूस. २०१८ पासून देशभरात कृषी विज्ञान केंद्रांमध्ये १९९ जिल्हा कृषी हवामान केंद्रं उभी राहिली. जिल्ह्याच्या पातळीवर अंदाजाचा तालुक्यापुरता अर्थ लावणं आणि शेतकऱ्यांच्या गटांशी थेट बोलणं हे त्यांचं काम होतं. २०२४ मध्ये ही केंद्रं बंद झाली. माहिती आपोआप गोळा होते, मग जिल्ह्यात वेगळी माणसं कशाला, असा त्यामागचा तर्क होता. तो चुकीचा आहे. आकडे यंत्र गोळा करतं. पण ५५ मिलिमीटर पावसावर, भाड्याच्या ट्रॅक्टरवर आणि हलक्या रानात काय करावं, हे त्या भागाची जमीन आणि माणसं ओळखणाराच सांगू शकतो.

विश्वासाचाही प्रश्न आहे. जुलै २०१७ मध्ये बीड जिल्ह्यातल्या माजलगाव तालुक्यातल्या शेतकऱ्यांनी अंदाज चुकल्याबद्दल थेट हवामान विभागाविरुद्ध पोलिसांत तक्रार दिली होती. कायद्याने त्यातून काय निघालं यापेक्षा ती तक्रार का झाली, हे महत्त्वाचं. अंदाज म्हणजे शक्यता, हे त्यांच्याशी कुणी बोललंच नव्हतं.

मग मागायचं काय?

पहिली मागणी, मंडळनिहाय पाऊस सल्ल्यात आणा. ‘महावेध’ प्रकल्पातली स्वयंचलित हवामान केंद्रं राज्यातल्या दोन हजारांहून अधिक महसूल मंडळांत आहेत. मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला की अतिवृष्टी धरली जाते. नुकसान ठरवायला जो आकडा चालतो, तो नुकसान टाळायलाही चालला पाहिजे. औसा, किल्लारी, लामजना, बेलकुंड या मंडळांत एक जूनपासून किती पाऊस झाला आणि कुठे ७५ चा टप्पा ओलांडला, हे पत्रिकेच्या पहिल्याच ओळीत हवं.

दुसरी, मागचा हिशेब द्या. गेल्या मंगळवारी काय सांगितलं होतं आणि प्रत्यक्षात काय झालं, या दोन ओळी प्रत्येक पत्रिकेत छापल्या तर अंदाजावर किती भार टाकायचा हे शेतकरी दोन हंगामांत स्वतः शिकेल. तिसरी, जिल्ह्यातला तो माणूस परत द्या.

तोवर एक काम आपल्या हातात आहे. सपाट बुडाचा, सरळ उभ्या कडांचा डबा झाड-भिंतीपासून दूर, उघड्यावर ठेवा. रोज सकाळी साडेआठला पट्टीने आतलं पाणी मोजा, आकडा लिहून डबा रिकामा करा. एक सेंटीमीटर पाणी म्हणजे दहा मिलिमीटर पाऊस. पेरणीच्या आठवड्यात शेजारी शेजाऱ्याला विचारणारच आहेत. त्या बोलण्यात ‘बराच झाला’ याऐवजी आकडा आला, तरी पुष्कळ बियाणं वाचेल.