लशीचे कार्टून दाखवताना शब्द जपून वापरू या



मागच्या महिन्यात रविवारच्या वंदनेनंतर आम्ही विहारात पांढरी चादर लावून चार मिनिटांचे एक कार्टून दाखवले. लस शरीराला कशी तयार करते, हा त्याचा विषय. मुलांना मजा आली. कार्टून संपल्यावर मागे बसलेल्या एका ताईंनी विचारले, "यात म्हणतात, लस घेतली की आजार होत नाही. मग माझ्या पोराला गोवराची सुई दिल्यावर आठव्या दिवशी ताप का आला? मला वाटलं सुईच खराब होती. म्हणून दुसरी दिलीच नाही."

त्या चार मिनिटांत ताईंच्या प्रश्नाचे उत्तर नव्हते. उलट त्यांचा संशय पक्का करणारे एक वाक्य मात्र होते. अशी कार्टून वस्तीत जरूर दाखवावीत, असे आमचे मत आहे. पण दाखवण्याआधी त्यातला प्रत्येक प्रसंग आणि प्रत्येक वाक्य आपण तपासून घेतले पाहिजे. 'सांगितले म्हणून मानू नका, पारखून घ्या' हे तथागतांनी कालामांना सांगितले. ते औषधाच्या जाहिरातीला लागू आहे, तसेच लशीच्या कार्टूनलाही लागू आहे.

गटार आणि पोलीस

कार्टूनच्या सुरुवातीला झोपडीशेजारच्या गटारातून एक काळा, दात विचकणारा जंतू बाहेर येतो आणि बाळाच्या अंगात शिरतो. हे शास्त्राच्या दृष्टीने चूक आहे. गोवर गटारातून येत नाही. तो गोवर झालेल्या माणसाच्या खोकण्या-शिंकण्यातून हवेत पसरतो. तो माणूस खोलीतून निघून गेल्यावरही त्याचे विषाणू दोन तासांपर्यंत तिथल्या हवेत राहू शकतात. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसे राहतात आणि हवेला बाहेर जायला एकच दार असते, म्हणून वस्तीत गोवर झपाट्याने पसरतो. 2022 च्या अखेरीस मुंबईत गोवंडीच्या बाजूला गोवराची मोठी साथ आली. अपुरे लसीकरण आणि दाट वस्ती एकत्र आली की काय होते, ते तेव्हा दिसले. कारण दाटीचे आणि चुकलेल्या डोसांचे असताना चित्र घाणीचे काढले, तर आईला वाटते की घर स्वच्छ ठेवले म्हणजे पुरे. आणि पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना अस्वच्छ म्हणून हिणवले गेले, त्यांच्या दारात आणखी एकदा घाण रंगवून काय साधणार?

दुसरा प्रसंग पोलिसांचा. लस म्हणजे गुन्हेगाराचा फोटो, आणि शरीरातले पोलीस तो फोटो घेऊन घरोघरी शोध घेतात. हे पाहताना विहारात मोठी माणसे गप्प झाली. फोटो घेऊन वस्तीत शिरणारे पोलीस म्हटल्यावर आपल्याकडे कोणालाही सुरक्षित वाटत नाही. शिवाय या उपमेत मुख्य गोष्टच राहून जाते. शरीराला ओळख पटणे एवढेच पुरेसे नसते. ओळख पटल्यावर त्याला काहीतरी तयार करावे लागते, आणि ते तयार व्हायला वेळ लागतो.

किल्ली आणि टोपण

आम्हाला किल्लीची उपमा जवळची वाटते. गोवराच्या विषाणूच्या अंगावर किल्लीसारखे भाग असतात. त्या किल्लीने तो आपल्या पेशीचे दार उघडतो आणि आत जाऊन वाढतो. आपल्या शरीरात लाखो तऱ्हेचे कारागीर आहेत. प्रत्येकाला एकाच आकाराचे टोपण बनवता येते. बहुतेकांना आयुष्यभर काम मिळत नाही. पण एखाद्याचे टोपण त्या किल्लीवर नेमके बसले, की तो कारागीर आपल्यासारखे हजारो कारागीर तयार करतो आणि टोपणांचा ढीग लागतो. टोपण बसलेल्या किल्लीने दार उघडत नाही. डॉक्टर या टोपणांना प्रतिपिंडे म्हणतात. काम संपल्यावर बरेचसे कारागीर मरतात, पण काही वर्षानुवर्षे टिकून राहतात. शरीराची आठवण म्हणजे हेच कारागीर.

गोवर-रुबेलाच्या लशीत गोवराचा जिवंत विषाणूच असतो, पण तो अशक्त केलेला असतो. प्रयोगशाळेत वेगळ्या पेशींमध्ये पुन्हा पुन्हा वाढवून त्याची ताकद घालवलेली असते. किल्ली तीच, पण ती घेऊन येणारा थकलेला. त्यामुळे शरीराला खरी किल्ली हाताळून टोपण बनवायची सवय होते, आणि दरम्यान घर लुटले जात नाही. म्हणून 'लशीत जंतू नसतोच' हे कार्टूनमधले वाक्य या लशीसाठी खोटे आहे. आज खोटे सांगून धीर दिला, तर उद्या खरे कळल्यावर माणसे आपल्या खऱ्या शब्दावरही विश्वास ठेवणार नाहीत.

दिवसांचा हिशेब

आता ताईंच्या प्रश्नाकडे येऊ. समजा, बाळाला 1 तारखेला लस दिली. पहिले एक-दोन दिवस दंड दुखतो. मग चार-पाच दिवस काहीच दिसत नाही. या काळात अशक्त विषाणू हळूहळू वाढत असतो आणि कारागीर कामाला लागत असतात. साधारण 7 ते 13 तारखेच्या दरम्यान शंभरातील 5 ते 15 बाळांना ताप येतो, काहींच्या अंगावर हलके पुरळ उठते. दोन-तीन दिवसांत ते जाते. ताईंच्या मुलाला आठव्या दिवशी ताप आला, तो याच हिशेबात बसतो. सुई खराब असल्याची ती खूण नव्हती. लशीमुळे उठलेल्या अशा पुरळातून दुसऱ्या मुलांना गोवर होत नाही. आणि ज्या बाळाला ताप आलाच नाही, त्याला लस लागू पडली नाही असेही समजू नये. मात्र ताप खूप चढला, झटका आला, बाळ मरगळले किंवा ताप तीन दिवसांनंतरही उतरला नाही, तर त्याला लशीचा ताप समजून घरी बसू नये. लगेच दवाखान्यात न्यावे, कारण तो वेगळ्या आजाराचा ताप असू शकतो.

लस न घेतलेल्या बाळाच्या अंगात 1 तारखेला खरा गोवर शिरला, तर काय होते? साधारण 10-11 तारखेला ताप, खोकला, लाल डोळे आणि 14 च्या आसपास पुरळ. इथेही कारागीर जागे होतात, पण त्यांना टोपणे बनवायला जवळजवळ तेवढेच दिवस लागतात आणि तोवर विषाणू अंगभर पसरलेला असतो. शिवाय पुरळ दिसण्याच्या चार दिवस आधीपासूनच ते बाळ इतरांना आजार देत असते. आजार ओळखू येईपर्यंत तो शेजारच्या खोल्यांत गेलेला असतो. लस घेतलेल्या बाळाकडे हेच कारागीर आधीपासून हजर असतात. त्यांचे काम थोड्या दिवसांत होते. लशीने शरीराला मिळतो तो वेळ.

नऊ महिने आणि दुसरा डोस

ही लस नऊ महिन्यांनीच का? कार्टूनमध्ये याचे उत्तर नव्हते, पण टोपणाच्या उपमेत ते आहे. गर्भात असताना आईची टोपणे बाळाला मिळतात. ती काही महिने टिकतात आणि मग विरत जातात. ती भरपूर असताना लस दिली, तर आईचीच टोपणे लशीतल्या किल्लीवर बसतात आणि बाळाच्या कारागिरांना काम मिळत नाही. नवव्या महिन्यात दिलेल्या पहिल्या डोसाने शंभरातील साधारण 85 बाळे तयार होतात. उरलेली पंधरा कोणती, हे बाहेरून पाहून कळत नाही. म्हणून 16 ते 24 महिन्यांच्या दरम्यान सर्वांनाच दुसरा डोस देतात. कार्टूनमध्ये दुसऱ्या डोसाला 'उजळणी' म्हटले आहे. उजळणी म्हटले की आईला वाटते, एकदा शिकला आहे, उजळणी राहिली तरी चालेल. आम्ही म्हणू, पहिल्या दिवशी वर्गात काही मुले गैरहजर होती, त्यांच्यासाठी तोच धडा पुन्हा घेतला जातो.

कोणती वाक्ये बदलावीत

'लस घेतली की आजार होत नाही' याऐवजी 'दोन्ही डोस घेतल्यावर शंभरातील 95 हून अधिक मुले गोवरापासून वाचतात' असे म्हणावे. 'काहीही त्रास होत नाही' याऐवजी कोणत्या दिवसांत ताप येऊ शकतो, ते सांगावे. 'सर्वांनी घ्यावी' असे म्हणताना हेही सांगावे की लशीतला विषाणू जिवंत असल्याने गरोदर बाईला ती देत नाहीत, आणि ज्या मुलाची प्रतिकारशक्ती आजाराने किंवा औषधांनी फार खचली आहे, त्याच्याबाबत डॉक्टर ठरवतात.

एक वाक्य मात्र वाढवायला हवे. 'गोवर येऊन गेलेला बरा, अंग पक्के होते' असे आपल्या वस्तीत अजून ऐकू येते. गोवर येऊन गेल्यावर सहसा पुन्हा होत नाही, हे खरे. पण गोवराच्या विषाणूची किल्ली नेमकी आठवण धरणाऱ्या कारागिरांच्या दाराला लागते, आणि तो त्यांनाच मारतो. नेदरलँड्समध्ये लस न घेतलेल्या 77 मुलांचे गोवरापूर्वीचे आणि नंतरचे रक्त तपासले गेले. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दिसले की, इतर आजारांविरुद्ध मुलांनी कमावलेल्या प्रतिपिंडांपैकी 11 ते 73 टक्के नाहीशी झाली होती. म्हणजे गोवर एक धडा शिकवतो आणि आधी शिकलेले कितीतरी धडे पुसून टाकतो. पुरळ गेल्यावर महिनोन्‌महिने न्यूमोनिया आणि जुलाबाने मुले का आजारी पडतात, याचे एक कारण हे आहे. अशक्त केलेल्या लशीने अशी आठवण पुसली जात नाही.

ताईंचा मुलगा आज तीन वर्षांचा आहे. आम्ही त्यांना सांगितले की राहिलेला डोस पाच वर्षांपर्यंत सरकारी केंद्रात मोफत मिळतो, आणि पहिल्या डोसाने तयार झालेल्या मुलाला दुसऱ्या वेळी ताप येण्याची शक्यता कमी असते. त्यांनी पुन्हा विचारले, "पण आलाच तर कितव्या दिवशी?" सहाव्यापासून बाराव्या दिवसाच्या आत, असे आम्ही सांगितले. त्यांनी ते बाळाच्या कार्डाच्या मागे लिहून घेतले. पुढच्या वेळी कार्टून लावू, तेव्हा प्रत्येक घरातून ते कार्ड घेऊन या. गोवर-रुबेलाच्या दोन चौकटी आहेत. दोन्हीत तारीख आहे का, ते आपण मिळून पाहू.

नमो बुद्धाय, जय भीम.