चाळीसचा उंबरठा

तालुक्याच्या गावी 'नीट'ची तयारी करणाऱ्या आपल्या एका विद्यार्थ्यास त्याचा जिवलग मित्र म्हणाला, "तुला काय, चाळीसवरच जागा राखून ठेवली आहे!" त्या दिवसापासून दोघांचा एकत्र अभ्यास मोडला.

हे बोल धादांत खोटे आहेत. खुल्या वर्गास ५० आणि अनुसूचित जातीस ४० पर्सेंटाइल, हा केवळ पात्रतेचा उंबरठा होय. तो ओलांडणारा रांगेत उभा राहतो, इतकेच. हे ७२० पैकी ४० टक्के गुणही नव्हेत. ४० टक्के परीक्षार्थी मागे टाकल्याची ती खूण आहे. शासकीय महाविद्यालयातील जागा प्रवर्गातील गुणानुक्रमानेच भरतात, आणि तेथे प्रवेश मिळालेला शेवटचा उमेदवारही या उंबरठ्याच्या कितीतरी वर असतो.

खेद याचा की, घरीही हाच भ्रम! निकालावर 'पात्र' हा शब्द दिसताच वडील पेढे वाटतात. जागा हुकली की मुलाच्याच माथी आळशीपणा मारतात. बापहो, मुलावर डोळे वटारण्यापूर्वी गतवर्षीच्या प्रवेशयादीत आपल्या प्रवर्गाचा शेवटचा गुण पाहा. आणि जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज बारावीतच गेला की नाही, हेही आजच विचारा.