विश्लेषण : सनस्क्रीनची ट्यूब संपते कधी आणि ब्रँडचा संदेश येतो कधी?

ट्यूब जेमतेम निम्मी झालेली असते आणि मोबाइलवर संदेश येतो, ‘तुमची सनस्क्रीन संपत आली, आजच मागवा!’ ग्राहक आधी दुर्लक्ष करतो, दुसऱ्यांदा आला की नंबर ब्लॉक करतो. स्किनकेअरच्या छोट्या ब्रँडला हे परवडणारे नाही. नवा ग्राहक आणण्यासाठी जाहिरातीवर झालेला खर्च पहिल्या ऑर्डरीत क्वचितच वसूल होतो. कमाई सुरू होते ती दुसऱ्या-तिसऱ्या ऑर्डरीपासून. म्हणूनच आठवण कोणत्या दिवशी करायची, हा इथे नफ्या-तोट्याचा प्रश्न ठरतो.

३० दिवसांचा हिशेब का चुकतो?

महिना हे पगाराचे आणि वीजबिलाचे चक्र आहे, ट्यूबचे नाही. चेहरा आणि मानेसाठी दोन बोटांच्या लांबीइतकी, म्हणजे साधारण एक ग्रॅम सनस्क्रीन लागते. त्या मापाने ५० ग्रॅमची ट्यूब ५० दिवस पुरते. प्रत्यक्षात बहुतेक जण त्याहून कमी लावतात, सुट्टीच्या दिवशी विसरतात. सीरमची गोष्ट आणखी वेगळी. ड्रॉपरचा एक थेंब साधारण ०.०५ मिली. रात्री पाच थेंब लावले, तर ३० मिलीची बाटली १२० दिवस चालते. एकाच ग्राहकाच्या कपाटातल्या या दोन वस्तूंना एकच तारीख लावणे म्हणजे दूध आणि तांदूळ एकाच दिवशी संपतील असे मानणे.

मग खरा कालावधी कसा काढायचा?

तो ब्रँडच्या स्वतःच्या ऑर्डरींच्या नोंदीत असतो. समजा, पुण्यातील एक छोटा ब्रँड ४५० रुपयांची ५० ग्रॅमची सनस्क्रीन विकतो. ज्यांनी पहिल्यांदा एकच ट्यूब घेतली आणि नंतर पुन्हा तीच मागवली, अशांच्या दोन ऑर्डरींमधले दिवस मोजून चढत्या क्रमाने मांडायचे आणि मधला आकडा घ्यायचा. सरासरी घेऊ नये. वर्षभराने परतलेले दोन-चार ग्राहकही ती ओढून नेतात. दोन ट्यूब एकदम घेणारे आणि सेलमध्ये साठा करणारे वेगळे ठेवायचे.

इथे एक चकवा आहे. मार्चमध्ये आलेल्या ग्राहकांचा हिशेब मेअखेरीस केला, तर फक्त घाईने परतलेलेच दिसतात. सावकाश वापरणारे अजून यायचेच असतात. त्यामुळे कालावधी आहे त्याहून कमी निघतो आणि संदेश पुन्हा लवकर जातो. पहिली ऑर्डर किमान सहा महिने जुनी असलेलेच ग्राहक मोजावेत.

या ब्रँडचा मधला आकडा ७४ दिवस निघाला असे धरू. पार्सल पोहोचायला पाच दिवस आणि ग्राहकाच्या विचाराला तीन-चार दिवस सोडले, तर आठवण ६५व्या दिवशी जायला हवी. संदेशात ‘संपली’ असे ठोकून न देता ‘संपत आली का?’ असे विचारावे आणि ‘अजून आहे’ हे बटण द्यावे. ते दाबले की तारीख तीन आठवडे पुढे जाते आणि पुढच्या वेळी त्या ग्राहकाचे स्वतःचे चक्र कळते. संमती मात्र ऑर्डर घेतानाच, स्पष्ट शब्दांत घ्यावी. व्हॉट्सअ‍ॅपच्या लेखी असा संदेश ‘मार्केटिंग’ प्रकारातच मोडतो. ऑर्डर निघाल्याची सूचना आणि ही आठवण एका मापाने मोजता येत नाहीत.

उपयोग झाला हे कशावरून?

आठवण मिळालेल्यांपैकी इतक्यांनी खरेदी केली, एवढ्यावर खूश होणे ही नेहमीची चूक. त्यातले बरेच जण संदेशाविनाही आले असते. म्हणून दर पाचव्या ग्राहकाला मुद्दाम संदेश पाठवू नये. समजा, ५०० पैकी ४०० जणांना संदेश गेला आणि तीन आठवड्यांत ८८ जणांनी, म्हणजे २२ टक्क्यांनी ऑर्डर दिली. संदेश न गेलेल्या १०० पैकी १७ जण आपणहून आले. म्हणजे ४०० मध्ये ६८ जण तसेही येणार होते; संदेशाची खरी कमाई २० ऑर्डरी. एका ऑर्डरीमागे १५० रुपये सुटत असतील, तर ३,००० रुपये.

आता त्याच संदेशात दहा टक्के सवलतीचे कूपन टाकले आणि ऑर्डरी तेवढ्याच आल्या, तर ४५ रुपये सर्व ८८ जणांना सोडावे लागतात. ते होतात ३,९६० रुपये. विक्रीचा आकडा फुगलेला दिसतो आणि पदरी ९६० रुपयांचा तोटा येतो. कूपनचा मोह सर्वाधिक सुटतो तो नेमका इथे, कारण ६८ जण पूर्ण किंमत द्यायला तयार होते हे कुठल्याही ऑर्डरीवर लिहिलेले नसते. अर्थात १०० जणांचा गट लहान आहे. त्यात चार-पाच ऑर्डरींचा फरक नुसत्या योगायोगानेही पडतो. त्यामुळे तीन-चार महिने तसाच हिशेब ठेवून मगच कूपनचा निर्णय घ्यावा.